सहा सेकंदांचा दिवा

जिनेंद्र मगदूम आणि मी भांडलो नाही असा आठवडा गेल्या वीस वर्षांत शोधून सापडायचा नाही. उद्यमनगरात त्याचं शेड आणि माझं शेड यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. तो ऑटो इलेक्ट्रिशियन, मी कृष्णात, डेंटिंग-पेंटिंगवाला. माझ्या हातोड्याचा आवाज त्याला सोसत नाही आणि त्याचं टोकणं मला सोसत नाही. तरी चहा एकत्र, आणि गिऱ्हाईक एकमेकांकडं पाठवायचं ते ठरलेलं.

माणूस तिरसट आहे, हे आधीच सांगतो. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाऊन, कपाळाला गंध लावून शेडवर येतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर ओरडतो. सूर्य मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे, मग समोर आमदाराची गाडी उभी असो, साडेपाचला डबा उघडणार. 'होईल', 'करतो की' असलं बोलणं त्याच्या तोंडात नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "उघडून बघितल्याशिवाय सांगत न्हाई." या एका वाक्यावर त्यानं अर्ध्या कोल्हापुरात नाव कमावलं होतं. ते वाक्य तो आयुष्यात एकदाच विसरला, आणि विसरला ते स्वतःच्या बहिणीच्या गाडीला.

ऐश्वर्या त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली, म्हणून तिच्या वेण्या घालण्यापासून नर्सिंगच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं यानंच केलं. ती त्याला अण्णा म्हणायची आणि जगात त्याला दम देणारी ती एकटीच होती. तिची नेमणूक गगनबावड्याच्या दवाखान्यात झाली. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षं तिनं एसटीनं काढली, मग गाडी घ्यायची ठरली. नवी नको, जुनी चांगली बघ, म्हणाली.

जुनी गाडी म्हटल्यावर महावीर शेटे. हायवेला त्याचा मोठा सेकंडहँड गाड्यांचा अड्डा होता, वर झेंडे, आत ओळीनं चकचकीत गाड्या. महावीर म्हणजे बस्तीतल्या पूजेला जिनेंद्रच्या शेजारी उभा राहणारा माणूस. घरचाच. त्यानं एक पांढरी गाडी काढून ठेवली. जिनेंद्र स्कॅनर घेऊन गेला, मीही पत्रा बघायला गेलो. चावी फिरवली. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला, सहा सेकंद राहिला आणि विझला. दिवा लागून विझणं म्हणजे सगळं ठीक, असं गाडीचं पुस्तक सांगतं. स्कॅनरनंही एक चूक दाखवली नाही.

पुढं त्याला स्टिअरिंगचं मधलं कव्हर काढून आतली बॅग डोळ्यानं बघायची होती. पण त्या कव्हरवर महावीरनं आधीच केशर-चंदनाचं स्वस्तिक काढून ठेवलं होतं. मुहूर्त चुकायला नको, म्हणून पूजा सकाळीच उरकली, असं तो म्हणाला. आता घरच्या माणसानं काढलेलं स्वस्तिक पुसायचं, त्यावर स्क्रूड्रायव्हर लावायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर चोर म्हटल्यासारखं. जिनेंद्रचा हात तिथं थांबला. मी बघत होतो. त्यानं हात मागं घेतला आणि ऐश्वर्याला म्हणाला, गाडी चांगली आहे, घे.

पुढच्या आषाढात एका सकाळी साळवणच्या अलीकडं तिची गाडी घसरून समोरासमोर झाडावर गेली. पट्टा लावलेला होता. वेग साठाच्या आसपास असावा. आम्ही क्रेन घेऊन पोचलो तेव्हा तिला नेलं होतं. गाडीचं नाक इंजिनापर्यंत आत गेलं होतं, आणि स्टिअरिंग मात्र जसंच्या तसं. बॅग बाहेर नाही, पांढरी पूड नाही, जळका वास नाही. डॉक्टरांनी सांगितलं, छाती स्टिअरिंगवर आदळली. ती दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली होती. ज्या दवाखान्यात ती काम करायची, त्याच दवाखान्यात.

तेराव्याची वाट न बघता जिनेंद्रनं ती गाडी उघडली. मी शेजारी बसून होतो, कारण त्याला एकटं ठेवायची मला भीती वाटत होती. बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि तसाच पाच-दहा मिनिटं बसून राहिला. त्याची सवयच आहे ती. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटात कपॅसिटर असतो, धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी बॅग फोडण्याइतका करंट त्यात साठून राहतो, म्हणून तो रिकामा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी थांबायची काही गरज नव्हती, हे त्याला लगेच कळलं. कव्हर काढलं. आत बॅग नव्हती. गॅस सोडून बॅग फुगवणारा इन्फ्लेटर नव्हता. जुन्या गादीतला फोम कोंबला होता आणि पिवळ्या कनेक्टरच्या दोन टोकांत एक एवढासा रेझिस्टर खोचून वरून टेप गुंडाळली होती. स्वस्तिकाच्या बरोबर खालून कव्हर फाटलेलं आणि चिकटवून, घासून, रंगवलेलं. दोन्ही सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरलाही तेच. म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळून माणसाला सीटला धरून ठेवायचं कामही कुणी केलं नव्हतं.

इथं माझं एक सांगून टाकतो. फुटलेल्या एअरबॅगची कव्हरं चिकटवून रंगवायचं काम मीही केलं आहे. दिसायला बरं दिसावं म्हणून सांगायचे, मी करायचो, आत काय आहे ते विचारत नव्हतो. ते कव्हर माझ्या हातचं नव्हतं. फिलर माझा नव्हता, रंगाचा हात माझा नव्हता. पण तो शोध लागेपर्यंत ज्या दोन मिनिटांत मी ते कव्हर उलटसुलट करून बघत होतो, तशी दोन मिनिटं वैऱ्यालाही येऊ नयेत.

त्यानंतर जिनेंद्र ज्याला त्याला एअरबॅग समजावून सांगायला लागला. पोलिसांना, बस्तीच्या ट्रस्टींना, चहाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या अनोळखी पावण्यांना. एका सेकंदाचे हजार तुकडे कर, म्हणायचा. धडक बसली तो पहिला तुकडा. पुढं रेडिएटरजवळ सेन्सर आहे, आणि गिअरच्या पुढं, गाडीच्या तळाला घट्ट बोल्ट मारलेल्या डब्यात, म्हणजे त्या कंट्रोल युनिटात, दुसरा. गाडीचा वेग किती झटक्यात मोडतोय ते दोघं मोजत असतात. नुसता खड्डा असेल, कुणी हातोडा मारला असेल, तर डबा गप्प बसतो. दोघांचं मोजमाप जुळलं तर पंधराव्या-विसाव्या तुकड्याला डब्याचा निर्णय झालेला असतो. तो इन्फ्लेटरला करंट सोडतो. केसासारखी तार तापते, तिच्याभोवतीची दारू पेटते, गोळ्या जळतात आणि त्यांचा गॅस बॅगेत शिरतो. कव्हर आतून आखलेल्या रेषेवर फाटतं. पन्नासाव्या तुकड्याच्या आसपास बॅग पूर्ण फुगलेली असते. माणूस पुढं येऊन तिच्यावर टेकतो तो साठाव्या तुकड्याला. टेकला की बॅगेच्या मागच्या भोकांतून गॅस बाहेर पडतो, म्हणजे बॅग दगडासारखी लागत नाही, मऊ होत खाली बसते. शंभर-सव्वाशेव्या तुकड्याला सगळं संपलेलं असतं. तुझी पापणी लवून उघडायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि मग सांगायचा की गाडी चालू करताना तो डबा इन्फ्लेटरच्या तारेला बारीक करंट पाठवून एवढंच विचारतो, तू आहेस का? तारेचा रेझिस्टन्स दोन ओहमच्या आसपास असतो. तेवढाच रेझिस्टर लावला की डब्याला वाटतं, आहे. दिवा विझतो. "डबा येडा न्हाई," तो म्हणायचा. "त्यानं इचारलं तेवढंच त्याला सांगितलं. मी तर तेवढंबी इचारलं न्हाई."

पोलिसांत तक्रार गेली. कागदावर चालकाचा अतिवेग लागला. गाडी महावीरच्या आधी दोघांच्या नावावर होती, त्यामुळं रेझिस्टर कुणी घातला ते कसं ठरवणार, असा प्रश्न निघाला. पण गाव लहान आहे. एका इलेक्ट्रिशियननं जिनेंद्रच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं की गाडी पुण्याकडून फुटलेल्या बॅगेसह आली होती आणि महावीरनं समोर उभं राहून त्याच्याकडून ते करून घेतलं. कोर्टात मात्र तो बोलायला तयार नव्हता. महावीर म्हणाला, मी अशीच घेतली, अशीच विकली. केस अजून तारखांवर आहे.

जिनेंद्रनं मग आपला मार्ग घेतला, आणि मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. दर रविवारी महावीरच्या अड्ड्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, एक टेबल टाकून तो बसायचा. टेबलावर फुटलेली बॅग, इन्फ्लेटरचं कापून दाखवलेलं नळकांडं आणि तो रेझिस्टर. अड्ड्यातून गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्याला तो हात करायचा. फुकट उघडून दाखवतो, म्हणायचा. पहिल्या महिन्यात तीन गाड्या निघाल्या. एकीत फोम, एकीत चिंध्या, आणि एकीत जळून रिकामा झालेला इन्फ्लेटर, वरून नवी बॅग शिवलेली. ही तिसरी तऱ्हा सगळ्यात नीच, कारण उघडून बघितलं तरी खरीच वाटते. लोकांनी मोबाइलवर काढून गावभर पाठवलं. महावीरनं माणसं पाठवली, धमक्या दिल्या, एकदा टेबल उलटवलं. पुढच्या रविवारी जिनेंद्रनं दोन टेबलं टाकली.

दीड वर्षात झेंडे उतरले. जागा दुसऱ्याला गेली. महावीर घरात बसला, बस्तीत मागच्या खांबाआड उभा राहायला लागला. मी म्हटलं, झालं आता, सूड पुरा झाला. जिनेंद्र म्हणाला, त्याचं दुकान गेलं, माझं दुकान गेलं नव्हतं. हिशेब कुठं बसला?

या भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले आणि क्षमावाणी आली. त्या दिवशी जैन माणूस ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतो, आणि समोरच्यानं ते परत म्हणायचं असतं. वर्षभराची भांडणं त्यात वाहून जातात म्हणे. मला पण दरवर्षी तो हात जोडतो आणि दुसऱ्या दिवसापासून हातोड्यावरून बोलायला सुरुवात करतो. त्या दिवशी सकाळी शेडच्या दारात टेम्पोवर चढवलेली एक नाक फुटलेली गाडी येऊन थांबली, आणि पुढून महावीर उतरला. ऐश्वर्या गेल्यापासूनच्या सहा वर्षांत म्हातारा झाला होता.

गाडी त्याच्या मुलीची, तेजस्वीची. पोरगी शाहूवाडीच्या सरकारी दवाखान्यात लॅबचं काम करते, रोज जाऊन येऊन. आठवड्यापूर्वी पुलाच्या कठड्यावर गेली. गाडी घेतलेली नवी होती, बॅगा खऱ्या होत्या, दोन्ही उघडल्या. हाताला थोडं भाजलं, चेहऱ्यावर पूड उडाली, आणि पोरगी दार उघडून चालत बाहेर आली.

महावीरनं हात जोडले. उत्तम क्षमा, म्हणाला. जिनेंद्र त्याच्याकडं बघत राहिला, हात खालीच.

मीच विचारलं, कंपनीच्या वर्कशॉपला का नेली नाही? महावीर जमिनीकडं बघून म्हणाला की फुटलेली कव्हरं त्याला अशाच एका वर्कशॉपचा माणूस आणून द्यायचा, आणि गावातला प्रत्येक इलेक्ट्रिशियन कशाला तयार होतो ते त्याला माहीत आहे. मग जिनेंद्रकडं वळला.

"तू खोटं काम करत न्हाईस, एवढं मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाई."

मला वाटलं आता पाना डोक्यात बसतो. पण जिनेंद्रनं हात पुढं केला आणि चावी घेतली. बस. 

पत्रा-रंगाचं काम मी केलं. तो माझ्याकडं गाडी बघायलाही आला नाही. दोन आठवड्यांनी भाग आले, त्या दिवशी दुपारी मी त्याच्या शेडमध्ये गेलो तेव्हा तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. स्टिअरिंगचं तोंड उघडं. एका बाजूला सील न तोडलेला नवा खोका, आणि त्याच्या तळहातावर एक रेझिस्टर. नवा, दुकानातून आणलेला. मी कोपऱ्यात स्टूलवर बसलो. सांगायची लाज वाटते, पण मी त्याला थांबवलं नाही. माझ्याही मनात ऐश्वर्या होती. ती मला कृष्णादादा म्हणायची आणि दिवाळीला माझ्या पोरांसाठी फराळ घेऊन यायची. एका अर्थी मला बघायचं होतं तो काय करतो ते.

साडेपाच वाजले, जेवणाचा डबा उघडला नाही. मग त्यानं रेझिस्टर खिडकीतून गटारात टाकला आणि खोका फोडला. नवं कंट्रोल युनिट, कारण एकदा बॅग फोडलेल्या युनिटात धडकेची नोंद कायम बसते. स्टिअरिंगखालची गोल केबल नवी. दोन्ही बॅगा, दोन्ही पट्टे, पुढचा सेन्सर. कनेक्टर बसताना टिक असा आवाज येतो, तो त्यानं प्रत्येकाचा कान लावून ऐकला. असं चोख काम त्यानं आयुष्यात केलं नसेल. चावी फिरवली, दिवा सहा सेकंद राहिला आणि विझला. मला हायसं वाटलं.

पण त्याची एक पद्धत आहे. गाडी देताना तो गिऱ्हाइकासमोर स्टिअरिंगचं कव्हर उघडतो, बॅगेवरच्या चिठ्ठीचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर त्यालाच वाचायला लावतो, आणि खोका त्याच्या हातात देतो. ऐश्वर्यानंतर ही पद्धत त्यानं एकदाही मोडली नव्हती. त्या दिवशी खोका त्यानं उचलला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी महावीर आला. चावी घेतली. खोका कुठं आहे, असं त्याला विचारायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, "बॅग नवी बसवलीस न्हवं?"

"चावी फिरीव," जिनेंद्र म्हणाला. महावीरनं फिरवली. दिवा लागला. आम्ही तिघं सहा सेकंद त्याच्याकडं बघत उभे होतो. विझला.

"दिवा इझला न्हवं?" जिनेंद्र म्हणाला. "मग झालं की."

महावीरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं डोळ्यानं बघितलेला माणूस, एक शब्द बोललो असतो तर तो सुटला असता. मी शेडच्या छताकडं बघितलं. आणि मला बरं वाटलं, हे पण लिहून ठेवतो. असा सूड मी कधी बघितला नव्हता. काम शंभर नंबरी, खोटं एक अक्षर बोललेलं नाही, आणि समोरचा माणूस जिवंत भाजला जातोय.

पुढचा महिना-दीड महिना महावीर गाडी घेऊन गावभर फिरला. एकाकडं स्कॅनर लावला, ठीक. दुसऱ्याकडं कव्हर उघडलं, बॅग आहे म्हणाला. पण आत असलेला इन्फ्लेटर जिवंत की जळका, हे बघून सांगता येत नाही, हे महावीरइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानंच तसल्या गाड्या विकल्या होत्या. आणि ठीक आहे म्हणणाऱ्याच्या बोलण्याची किंमतही त्याला ठाऊक होती, कारण असलं 'ठीक आहे' त्यानं वर्षानुवर्षं पैसे देऊन वदवून घेतलं होतं. चौथ्या इलेक्ट्रिशियनकडून तो रडत बाहेर पडला, असं आमच्यापर्यंत आलं. जिनेंद्रनं ते ऐकून डबा उघडला आणि चवीनं जेवला. इतक्या वर्षांत त्याला असं जेवताना मी पहिल्यांदा बघितलं. पेरलं तेच उगवलं, मी म्हटलं. तो हसला.

कार्तिक उजाडला, कारखाने सुरू झाले, रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरले. एका सकाळी बांबवड्याला बंद पडलेली एक जीप आणायला आम्ही दोघं माझ्या टेम्पोतून निघालो होतो. केर्लीच्या पुढं दोन ट्रॉल्या एकामागं एक, ऊस बाजूला लोंबतोय, रस्त्यावर पाचट सांडलेलं. त्यांच्या मधल्या फटीत एक पोरगी स्कूटरवर. पाचटावरून तिचं मागचं चाक सरकलं. स्कूटर तिरकी झाली, मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला, आणि पोरगी कशीबशी पाय टेकून कडेला आली. जिनेंद्रनं माझा हात असा धरला की वळ उठला.

आम्ही थांबलो. हेल्मेट काढलं तर तेजस्वी. कोपराला आधीचीच एक पट्टी होती. जिनेंद्रला ती ओळखत होती, त्याच्यामुळं बापाचं दुकान गेलं हे तिला ठाऊक होतं, तरी नमस्कार केला. गाडी कुठं आहे, त्यानं विचारलं.

"दारात हाय की," ती म्हणाली. "पप्पा चावी देत न्हाईत. म्हणत्यात, आत काय हाय मला ठाऊक न्हाई, तू त्यात बसू नगंस. मग ही स्कूटर घेतली. दोनदा पडले आतापतूर."

तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. उशीर होतोय म्हणाली आणि परत ट्रॉल्यांच्या मागं लागली. जिनेंद्र रस्त्याच्या कडेला उभाच. ती वळणाआड जाईपर्यंत बघत होता. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना, आणि स्वतःच्या आत तर त्याहून बघवेना. छताकडं मीच बघितलं होतं ना?

"टेम्पो फिरीव," तो म्हणाला. जीप तशीच राहिली.

शेडवर येऊन त्यानं कपाट उघडलं, खोका काढला, आणि आम्ही महावीरच्या दारात गेलो. गाडीवर धूळ बसली होती. महावीर बाहेर आला, खोका बघितला आणि पायरीवरच थबकला. जिनेंद्रनं बॅटरीचा निगेटिव्ह काढला. दहा मिनिटं थांबायचं होतं.  घरातून चहा आला, तो तसाच निवला. मग त्यानं कव्हर उघडलं, बॅग बाजूला वळवली आणि खोका महावीरच्या हातात देऊन म्हणाला, नंबर वाच.

महावीरनं चष्मा आणला. खोक्यावरचा एक आकडा, बॅगेवरचा एक आकडा, असं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. मग कंट्रोल युनिटचा. मग पट्ट्यांचे. मी म्हटलं, सील माझ्यासमोर फोडलं, मी बसून होतो, आणि त्या दिवशी सांगितलं नाही ते माझं चुकलं. महावीर गाडीला टेकला.  मग त्यानं परत हात जोडले, क्षमावाणीच्या दिवशी जोडले होते तसे, आणि जिनेंद्र काय बोलतो याची वाट बघत राहिला.

जिनेंद्रनं कव्हर बसवलं, बॅटरी जोडली, चावी फिरवून दिवा बघितला. हत्यारं पिशवीत भरली.

"ते शब्द माझ्याकडनं यायचं न्हाईत," तो म्हणाला. "मी मेल्यावरबी न्हाईत. पोरीला उद्यापासनं गाडी दे."